जुने सोने देऊन नवे दागिने घेताना वजावट कशी होते आणि हिशोब कसा तपासावा

जुना दागिना मोडून नवा घ्यायला गेलेल्या बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. घरी वजन केले तेव्हा दीड तोळ्याच्या वर भरलेला दागिना दुकानात एक तोळ्यावर येतो. कधी 'लाख निघाली' असे सांगितले जाते, कधी 'टंच कमी आहे' असे, तर कधी नुसतेच 'घट धरली' असे. यातल्या काही वजावटी योग्य असतात. काही वेळा मात्र एकच वजावट दोन वेगळ्या नावांनी दोनदा होते. ती कशी ओळखायची, हे या लेखात एका उदाहरणावरून सांगितले आहे.

योग्य वजावटी किती?

जुन्या दागिन्याच्या वजनातून तीनच गोष्टी वजा होऊ शकतात. तिन्ही तुमच्यासमोर मोजता येतात.

१. सोने नसलेला भाग. यात दोरा, गोंडा, खडे, मोती, काळे मणी आणि पोकळ दागिन्यात भरलेली लाख येते. बोरमाळ, कोल्हापुरी साज किंवा जुन्या पद्धतीचे पोकळ मणी असलेल्या माळांमध्ये सोन्याचा पत्रा पातळ असतो आणि आत लाख भरलेली असते. अशा दागिन्यात वजनाचा मोठा भाग लाखेचा निघू शकतो.

२. आटणीतली घट. दागिना मुशीत वितळवल्यावर साचलेला मळ आणि आत राहिलेली लाख जळते. डाग देताना, म्हणजे सांधे जोडताना वापरलेल्या हलक्या धातूचा थोडा अंश उडतो. सोने मात्र त्या उष्णतेत उडून जात नाही. म्हणून लाख, खडे आधीच काढलेल्या स्वच्छ दागिन्यात ही घट अगदी थोडी असते.

३. शुद्धतेतली कमतरता. दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. मजबुतीसाठी त्यात तांबे, चांदी किंवा जस्त मिसळलेले असते. २२ कॅरेटच्या दागिन्यात १०० भागांत ९१.६ भाग सोने असते, २० कॅरेटमध्ये ८३.३ भाग आणि १८ कॅरेटमध्ये ७५ भाग. या प्रमाणालाच सराफ बाजारात 'टंच' म्हणतात. जुन्या दागिन्यात सांध्यांचे डाग जास्त असतील, तर आटवल्यावर संपूर्ण सोन्याचा टंच अपेक्षेपेक्षा खाली येतो.

जुन्या दागिन्याची घडणावळ परत मिळत नाही, पण ती वजावटही नाही. ती मजुरी दागिना घेतला त्याच दिवशी खर्च झालेली असते. दुकानदार आता देतो ती फक्त सोन्याची किंमत.

उदाहरण: एका जुन्या बोरमाळेचा हिशोब

समजा, तुमच्याकडे आईने दिलेली बोरमाळ आहे. तिच्यावर हॉलमार्क नाही. ती देऊन तुम्हाला दोन बांगड्या घ्यायच्या आहेत. हिशोब सोपा व्हावा म्हणून शुद्ध म्हणजे २४ कॅरेट सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये आणि २२ कॅरेटचा दर ९,१६० रुपये धरू. हे दर केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. तुम्ही जाल त्या दिवशीचा दर दुकानातल्या फलकावर पाहून घ्यावा.

- काट्यावर ठेवल्यावर माळेचे एकूण वजन: १८.००० ग्रॅम
- दोरा आणि गोंडा काढल्यावर: १७.२०० ग्रॅम
- मणी तापवून लाख काढल्यावर: १२.६०० ग्रॅम
- मुशीत आटवून लगड तयार झाल्यावर: १२.५०० ग्रॅम

दोरा आणि लाख मिळून ५.४०० ग्रॅम वजन गेले. वजन तिसऱ्या हिश्श्याइतके कमी झाले, तरी सोने कुठेही कमी झाले नाही. आटणीतली घट ०.१०० ग्रॅम, म्हणजे शंभरात एक भागापेक्षाही कमी आहे. या दोन्ही वजावटी योग्य आहेत.

आता लगडीचा टंच तपासला जातो. बहुतेक दुकानांत यासाठी यंत्र असते. त्याला कॅरेटोमीटर किंवा एक्सआरएफ यंत्र म्हणतात. पडद्यावर प्रत्येक धातूचे प्रमाण दिसते. सोन्याच्या ओळीपुढे Au असे लिहिलेले असते. समजा, तिथे ८४.०० हा आकडा आला. म्हणजे लगडीत १०० भागांत ८४ भाग सोने आहे.

शुद्ध सोन्याचे वजन असे निघेल:

१२.५०० × ८४ ÷ १०० = १०.५०० ग्रॅम

हे १०.५०० ग्रॅम पूर्णपणे शुद्ध, म्हणजे २४ कॅरेटचे सोने आहे. म्हणून त्याला २४ कॅरेटचा दर लावायचा:

१०.५०० × १०,००० = १,०५,००० रुपये

ही तुमच्या बोरमाळेची योग्य किंमत झाली.

एकच वजावट दोनदा कशी होते?

आता हाच हिशोब दुसऱ्या एका पद्धतीने मांडलेला पाहा. दुकानदार टंच काढून १०.५०० ग्रॅम वजन लिहितो, पण त्यापुढे दर मात्र २२ कॅरेटचा लावतो:

१०.५०० × ९,१६० = ९६,१८० रुपये

कागदावर ही मांडणी बरोबर वाटते. 'दागिने २२ कॅरेटचेच असतात, म्हणून २२ चा दर' हे कारणही पटते. पण यात ८,८२० रुपये कमी झाले. ८४ टक्के काढताना मिश्र धातू वजनातून आधीच गेला होता. २२ कॅरेटचा दर लावल्याने तोच मिश्र धातू दुसऱ्यांदा, या वेळी दरातून वजा झाला.

हे ओळखण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे: वजन शुद्ध सोन्याचे असेल, तर दरही शुद्ध सोन्याचा हवा. दर २२ कॅरेटचा असेल, तर वजनही २२ कॅरेटच्या हिशोबाचे हवे. दुकानदाराला २२ कॅरेटच्या दरानेच हिशोब करायचा असेल तर हरकत नाही. मग १०.५०० ग्रॅमला ०.९१६ ने भागावे. उत्तर ११.४६३ ग्रॅम येते. त्याला ९,१६० ने गुणले की किंमत पुन्हा जवळपास १,०५,००० रुपयेच येते. हा भागाकार मोबाइलवरही करून पाहता येतो.

दुसरी दुहेरी वजावट 'घट' या नावाने होते. दागिना तुमच्यासमोर आटवून, लगडीचे वजन घेऊन झाल्यावर 'आटणीची घट २ टक्के' असे म्हणून आणखी वजन कापले जाते. पण घट तर आटवताना होऊन गेली आणि ती वजनात दिसलीही. १२.६०० चे १२.५०० झाले, तीच घट. आटवण्याआधी नुसत्या अंदाजाने भाव ठरत असेल, तर काही घट धरणे समजण्यासारखे आहे. आटवल्यानंतर मात्र ती पुन्हा धरता येत नाही.

सरसकट कपात कोणाला महाग पडते?

काही दुकानांत टंच न तपासता 'जुन्या सोन्यावर सरसकट १० टक्के कपात' अशी पद्धत असते. हे सोपे आणि सर्वांना सारखे वाटते, पण तसे नसते.

समजा, बोरमाळेऐवजी तुमच्याकडे १२.५०० ग्रॅमची भरीव पाटली आहे आणि ती खरोखरच २२ कॅरेटची आहे. तिची किंमत १२.५०० × ९,१६० = १,१४,५०० रुपये होते. सरसकट १० टक्के कापले, तर १,०३,०५० रुपये मिळतात. म्हणजे ११,४५० रुपयांचे नुकसान होते. तेवढ्याच वजनाच्या, पण ८४ टंचाच्या लगडीवर हीच पद्धत लावली, तर नुकसान सुमारे १,९५० रुपयांचेच होते. सोने जितके चांगले, तितकी सरसकट कपात जास्त महाग पडते. म्हणून दागिना चांगल्या शुद्धतेचा असेल, तर टंच तपासूनच भाव करण्याचा आग्रह धरावा.

दुकानदाराला जुन्या सोन्यावर काही नफा ठेवायचा असेल, तर तो खरेदीचा दर कमी सांगू शकतो. अनेक दुकाने बदलीत नवा दागिना घेतल्यास त्या दिवशीचा पूर्ण दर देतात आणि रोख रक्कम हवी असल्यास थोडा कमी दर लावतात. हा व्यवहाराचा भाग आहे. मात्र ती कपात दर म्हणून उघड सांगितलेली असावी, वजनात किंवा टंचात लपवलेली नसावी. उघड सांगितलेला दर तुम्ही दुसऱ्या दुकानाशी ताडून पाहू शकता.

आटवण्याआधी काय ठरवून घ्यावे?

दागिना एकदा आटवला की परत दागिना होत नाही. लगड हातात घेऊन दुसऱ्या दुकानात जाणे कायद्याने शक्य असले, तरी प्रत्यक्षात बहुतेक जण तिथेच थांबतात आणि मिळेल तो भाव घेतात. म्हणून सगळी बोलणी आटवण्याच्या आधी व्हायला हवीत.

घरून निघण्यापूर्वी दागिन्याचा फोटो काढावा. जवळच्या दुसऱ्या दुकानात वजन करून ते लिहून ठेवावे. दुकानात काटा रिकामा असताना शून्य दाखवतो की नाही, ते पाहावे. सोन्याचे वजन दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत, म्हणजे मिलिग्रॅमपर्यंत वाचून घ्यावे.

त्यानंतर तीन गोष्टी विचाराव्यात. टंच काढून हिशोब होणार की सरसकट कपात? टंच काढल्यावर कोणत्या कॅरेटचा दर लागणार? आणि भाव पटला नाही तर लगड परत मिळेल का, त्यासाठी आटणीचा खर्च किती द्यावा लागेल? उत्तरे कागदावर लिहून मागावीत. एवढे लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर दागिना आटवायला देऊ नये.

आटणी शक्यतो समोर बसून पाहावी. मुशीतून सोने ओतल्यावर मूस रिकामी झाली का, तिच्या कडांना सोन्याचे कण चिकटलेले नाहीत ना, हे पाहायला मागावे. काढलेले खडे, मोती आणि काळे मणी तुमचे आहेत. ते मोजून परत घ्यावेत.

यंत्राचा आकडा किती खरा?

एक्सआरएफ यंत्र दागिन्याच्या फक्त वरच्या अगदी पातळ थराची तपासणी करते. दागिन्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असेल, तर आकडा जास्त येतो. यंत्राचा झोत नेमका सांध्याच्या डागावर पडला, तर आकडा कमी येतो. म्हणून न आटवलेल्या दागिन्याचा एकाच ठिकाणचा आकडा अंतिम मानू नये. दोन-तीन वेगळ्या जागी तपासणी करायला सांगावे. आटवलेल्या लगडीत धातू एकजीव झालेला असतो, त्यामुळे तिचा आकडा अधिक भरवशाचा. तरीही लगड वरून आणि खालून अशी दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावी.

दुकानातल्या आकड्यावर विश्वास बसत नसेल, तर भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) मान्यता दिलेल्या तपासणी व हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकही आपला दागिना तपासून घेऊ शकतो. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि पाच किंवा अधिक दागिने असतील तर प्रत्येकी ४५ रुपये असे शुल्क ठरवलेले आहे. केंद्राचा अहवाल दुकानदाराला दाखवता येतो. मात्र लाख भरलेल्या दागिन्यात सोने किती ग्रॅम आहे, हे शुद्धतेच्या अहवालावरून कळत नाही. त्यासाठी लाख काढूनच वजन करावे लागते.

दागिन्यावर हॉलमार्क असेल तर?

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा करण्याची सुरुवात १६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांत झाली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कमध्ये सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण असणे आवश्यक आहे. दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (उदाहरणार्थ 22K916) आणि एचयूआयडी अशा तीन खुणा असतात. मोबाइलवरील BIS CARE अ‍ॅपमध्ये Verify HUID या ठिकाणी ही खूण टाकली, की नोंदवलेली शुद्धता दिसते. ती २२ कॅरेट असेल, तर 'टंच कमी असेल' या नुसत्या अंदाजावर कपात मान्य करण्याचे कारण नाही.

तपासणीत शुद्धता हॉलमार्कपेक्षा कमी निघाली, तर तो दागिना विकणाऱ्या सराफाकडून भरपाई मागता येते. बीआयएसच्या नियमांनुसार, शुद्धतेतल्या तुटीमुळे विकलेल्या वजनावर जो फरक येतो त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळू शकतो. त्यासाठी जुने बिल जपून ठेवावे.

ज्या जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नाही, तोही सराफ विकत घेऊ शकतो. सक्ती आहे ती सराफाने ग्राहकाला विकण्यावर. 'हॉलमार्क नाही म्हणून सोने निम्म्या भावाने' असे कोणी म्हणाले, तर त्याला आधार नाही. अशा दागिन्याचा टंच तपासून भाव होऊ शकतो.

नव्या बांगड्यांचे बिल

आता पुन्हा आपल्या उदाहरणाकडे येऊ. २२ कॅरेटच्या दोन बांगड्यांचे वजन १२.००० ग्रॅम आहे आणि घडणावळ सोन्याच्या किमतीवर १० टक्के ठरली आहे.

- सोने: १२.००० × ९,१६० = १,०९,९२० रुपये
- घडणावळ: १०,९९२ रुपये
- या दोन्हींवर ३ टक्के जीएसटी: ३,६२७ रुपये
- हॉलमार्क शुल्क: प्रत्येक नगाला ४५ रुपये आणि त्यावरील कर, दोन नगांचे १०६ रुपये
- एकूण: १,२४,६४५ रुपये
- वजा जुन्या सोन्याचे: १,०५,००० रुपये
- तुम्ही द्यायची रक्कम: १९,६४५ रुपये

जुन्या सोन्याला चुकीने २२ कॅरेटचा दर लागला असता, तर हीच रक्कम २८,४६५ रुपये झाली असती.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, जुने सोने वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. त्यामुळे तो आकडा मोठा दिसला तरी चूक नसते. मात्र घरातले जुने सोने सराफाला देताना तुमच्याकडून त्यावर जीएसटी घेतला जात नाही. जुन्या सोन्याच्या ओळीत कर म्हणून काही कापले असेल, तर कारण विचारावे.

दुसरे म्हणजे घडणावळ. वरच्या १९,६४५ रुपयांतले निम्म्याहून अधिक पैसे घडणावळीचे आहेत. काही बिलांत घडणावळ आणि नव्या दागिन्याची घट या दोन ओळी वेगळ्या असतात. 'जुन्या सोन्यावर शून्य कपात' अशी जाहिरात असेल, तिथे या दोन्ही ओळींची बेरीज आधी पाहावी. जुन्या सोन्यावर सोडलेली रक्कम तिथे भरून काढलेली असू शकते. दोन दुकानांची तुलना करायची झाली, तर शेवटी हातचे किती द्यावे लागतात, याच आकड्याची करावी.

कोणते कागद घ्यावेत आणि तक्रार कुठे करावी?

जुन्या सोन्याची पावती आणि नव्या दागिन्याचे बिल असे दोन्ही कागद घ्यावेत. पावतीवर एकूण वजन, आटणीनंतरचे वजन, टंच आणि लावलेला दर लिहिलेला असावा. नव्या बिलावर प्रत्येक दागिन्याचे वर्णन, सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्क शुल्क वेगळे दाखवलेले असले पाहिजे. नुसत्या 'जुने सोने जमा' अशा एका ओळीवर नंतर कोणतीही तक्रार सिद्ध करता येत नाही.

काट्याबद्दल शंका असेल, तर राज्याच्या वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. हॉलमार्क किंवा एचयूआयडीबद्दलची तक्रार BIS CARE अ‍ॅपवरून नोंदवता येते. बिलातली फसवणूक असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तिथे तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. व्यवहाराची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर आयोगाचे शुल्क भरावे लागत नाही.